एएम आणि एफएम शिकवताना 'किती' आणि 'किती वेळा' वेगळं काढा

प्रश्न: मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला कम्युनिकेशन शिकवते. एएममध्ये कॅरिअरचा अँप्लिट्यूड बदलतो, एफएममध्ये फ्रिक्वेन्सी बदलते, एवढं मुलांना पाठ आहे. पण 'एफएमवर निवेदकाने आवाज चढवला तर नक्की काय बदलतं?' असं विचारलं की निम्मा वर्ग 'अँप्लिट्यूड' म्हणतो आणि उरलेला 'मॉड्युलेटिंग फ्रिक्वेन्सी' म्हणतो. रेडिओचं उदाहरण घेऊन हे कसं समजावावं?

उत्तर:

मुलं चुकतात, कारण व्याख्या अर्धीच गोष्ट सांगते. कॅरिअरचं काय बदलतं ते तिच्यात आहे. ते किती बदलतं आणि सेकंदाला किती वेळा बदलतं, हे तिच्यात नाही. खरा गोंधळ तिथेच आहे. एफएमच्या बाबतीत 'फ्रिक्वेन्सी' हा एकच शब्द तीन ठिकाणी येतो: कॅरिअरची फ्रिक्वेन्सी, आवाजाची फ्रिक्वेन्सी, आणि कॅरिअर आपल्या जागेवरून जितकी सरकते ते डेव्हिएशन. तिन्हींचं एकक हर्ट्झच. त्यामुळे मूल घाईत एकाच्या जागी दुसरी घालतं.

एक आधीच सांगते. खाली जे मांडते आहे ते कुठवर न्यायचं, हे तुमच्या वर्गावर आणि प्रयोगशाळेवर अवलंबून आहे. मुलांना त्रिकोणमितीतलं गुणाकाराचं सूत्र येत असेल तर साइडबँड फळ्यावर दोन ओळींत निघतात, येत नसेल तर स्पेक्ट्रमचं चित्र दाखवून पुढे जावं लागतं. फंक्शन जनरेटरला बाहेरून मॉड्युलेशन देण्याची सोय असेल तर एफएमचा प्रयोग नीट होतो, नसेल तर थोडी तडजोड करावी लागते. क्रम मात्र मी सगळीकडे हाच ठेवते.

पहिल्या तासाला बोलणं, गाणं, बातम्या यातलं काही घेऊ नका. फक्त एक सूर घ्या, १ किलोहर्ट्झचा शुद्ध साइन वेव्ह. त्या सुराबद्दल सांगण्यासारख्या दोनच गोष्टी असतात: तो किती मोठा आहे आणि किती उंच आहे. मोठेपणा म्हणजे मॉड्युलेटिंग सिग्नलचा अँप्लिट्यूड, उंची म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी. रेडिओ स्टेशनला या दोन्ही गोष्टी श्रोत्यापर्यंत पोहोचवायच्या आहेत. एक जरी हरवली तरी सूर ओळखता येणार नाही. म्हणून प्रत्येक मॉड्युलेशनला मुलांनी तेच दोन प्रश्न विचारायचे: मोठेपणा कुठे लपवला? उंची कुठे लपवली?

उदाहरणाला पुण्याची दोन स्टेशनं सोयीची पडतात: मीडियम वेव्हवरचं आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, आणि एफएमवरची विविध भारती, १०१ मेगाहर्ट्झ. तोच १ किलोहर्ट्झचा सूर दोन्हीकडून सोडला असं समजू.

७९२ वर काय होतं

कॅरिअर ७९२ किलोहर्ट्झला चालू आहे. सूर आल्यावर तिचा अँप्लिट्यूड सेकंदाला १००० वेळा वरखाली होतो. आकडे फळ्यावर घ्यायचे तर ट्रान्समीटरचे किलोवॅट नकोत, प्रयोगशाळेतले घ्या. समजा कॅरिअरचा पीक १० व्होल्ट आहे आणि सूर आल्यावर एन्व्हलप ५ ते १५ व्होल्टमध्ये हलतं. मग

```
m = (Vmax - Vmin) / (Vmax + Vmin)
  = (15 - 5) / (15 + 5) = 0.5
```

सूर मोठा केला की एन्व्हलप जास्त खोल हलेल, म्हणजे ३ ते १७ व्होल्ट, आणि m ०.७ होईल. हलण्याचा वेग मात्र सेकंदाला १००० वेळाच राहील. आता मोठेपणा तोच ठेवून सूर ३ किलोहर्ट्झचा केला, तर एन्व्हलप पुन्हा ५ ते १५ मध्येच हलेल, पण सेकंदाला ३००० वेळा. मोठेपणा लपला तो एन्व्हलपच्या खोलीत, उंची लपली ती एन्व्हलपच्या वेगात. एएमपुरती दोन्ही उत्तरं मिळाली.

सीआरओवर हे दाखवताना कॅरिअर १०० किलोहर्ट्झ आणि सूर १ किलोहर्ट्झ ठेवा, टाइमबेस ०.२ मिलिसेकंद प्रति भाग. पडद्यावर एन्व्हलपची बरोबर दोन आवर्तनं येतात. इथे एक चूक हमखास होते. ट्रिगर मॉड्युलेट झालेल्या वेव्हवरच ठेवलेला असतो, मग एन्व्हलप पडद्यावर पळत राहतं आणि मुलांना वाटतं की सर्किटच बिघडलं. ट्रिगर एक्स्टर्नलवर टाका आणि १ किलोहर्ट्झचा मूळ सूर तिथे द्या, चित्र जागच्या जागी थांबेल.

सूर वाढवत नेला की m १ होतो आणि एन्व्हलपचा तळ शून्याला टेकतो. त्यापुढे ढकललं की ओव्हरमॉड्युलेशन. ट्रान्समीटर ऋण अँप्लिट्यूडची कॅरिअर काढू शकत नाही, तेवढा वेळ आउटपुट शून्यावर सपाट राहतं. श्रोत्याला आवाज चिरका लागतो. त्याहून वाईट म्हणजे त्या तुटलेल्या कोपऱ्यांमुळे नव्या फ्रिक्वेन्सी तयार होऊन शेजारच्या स्टेशनच्या जागेत घुसतात. आता 'शेजारचं' म्हणजे किती लांबचं, हा प्रश्न आपोआप येतो, आणि साइडबँड शिकवायला त्याहून चांगली जागा नाही.

फ्रिक्वेन्सी बदलत नाही तर जागा का लागते?

हुशार मूल इथे अडतं आणि अडायलाच हवं. एएममध्ये कॅरिअरची फ्रिक्वेन्सी बदलतच नाही, मग स्टेशनला ७९२ च्या आजूबाजूची जागा कशाला लागते?

त्याला सूत्रच लिहायला लावा. कॅरिअर `10 sin(2π·792000·t)` आहे आणि तिला `[1 + 0.5 sin(2π·1000·t)]` ने गुणलं आहे. गुणाकार सोडवला की तीन स्वतंत्र साइन वेव्ह निघतात: ७९२ किलोहर्ट्झला १० व्होल्टची, ७९१ ला २.५ व्होल्टची आणि ७९३ ला २.५ व्होल्टची. पडद्यावर वरखाली होणारी एकच कॅरिअर दिसते, पण ती या तीन स्थिर लहरींची बेरीज आहे. तिन्ही एका दिशेला आल्या की १५ व्होल्ट, दोन साइडबँड कॅरिअरच्या उलट झाले की ५ व्होल्ट. पंधरा आणि पाच हे आकडे आपण आधी एन्व्हलपवर वाचले होते, तेच इथे बेरजेतून निघाले. हा मेळ मुलांनी स्वतः घालून पाहावा, त्यासाठी पाच मिनिटं खुशाल द्या.

सूर ३ किलोहर्ट्झचा झाला की साइडबँड ७८९ आणि ७९५ वर जातात. म्हणजे ७९२ ची जी कॅरिअर आहे ती सुराच्या मोठेपणावरही हलत नाही आणि उंचीवरही नाही. सगळी माहिती साइडबँडमध्ये आहे. पॉवर काढली की हे आणखी टोचतं. ५० ओहमच्या लोडवर १० व्होल्ट पीकची कॅरिअर बरोबर १ वॅट देते. m ०.५ असताना दोन्ही साइडबँड मिळून फक्त ०.१२५ वॅट. m पूर्ण १ केला तरी ०.५ वॅट, म्हणजे एकूण १.५ वॅटचा तिसरा हिस्सा. बाकी सगळी वीज निरोप नसलेल्या कॅरिअरवर जाते. ती तरीही का पाठवायची, याचं उत्तर रिसीव्हरमध्ये आहे, ते पुढे येईल.

आपल्याकडे मीडियम वेव्हवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवतात, म्हणून ७९२ चे शेजारी ७८३ आणि ८०१. काटेकोर हिशोब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही बाजूंना साडेचार किलोहर्ट्झ येतात. सनई किंवा झांजेचा वरचा भाग मीडियम वेव्हवर बोथट का लागतो, त्याचं मुख्य कारण हे आहे. रिसीव्हरला शेजाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी गाळणी अरुंद करावी लागते, आणि त्यात वरचे सूर जातात.

१०१ वर काय होतं

आता तेच दोन प्रश्न एफएमला विचारा. कॅरिअरचा अँप्लिट्यूड पूर्ण वेळ एकच आहे, तिथे काहीच लपवलेलं नाही. सूर नसताना कॅरिअर बरोबर १०१ मेगाहर्ट्झवर उभी असते. सूर आला की ती त्या जागेच्या दोन्ही बाजूंना सरकू लागते. एफएम प्रसारणात सर्वात मोठ्या आवाजाला ती जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ सरकते, असं ठरलेलं आहे. आपला सूर त्या कमाल मोठेपणाच्या निम्मा आहे असं धरू. मग ती ३७.५ किलोहर्ट्झ वर आणि ३७.५ खाली, म्हणजे १०१.०३७५ ते १००.९६२५ मेगाहर्ट्झ यांच्यात फिरेल. अशी एक पूर्ण फेरी ती सेकंदाला १००० वेळा करेल.

मुलांना झोपाळा डोळ्यांपुढे आणायला सांगा. झोका किती लांब जातो ते डेव्हिएशन, मिनिटाला किती झोके होतात ती सुराची फ्रिक्वेन्सी, आणि झोपाळा कुठल्या कडीला टांगला आहे ती कॅरिअर. तीन गोष्टी, तीन वेगळी मापं, एकमेकींत गल्लत करायला जागाच नाही.

निवेदकाने आवाज दुप्पट केला की झोका लांबतो: ३७.५ ऐवजी ७५ किलोहर्ट्झ. फेऱ्या १००० च. आवाज तितकाच ठेवून सूर ३ किलोहर्ट्झचा केला की झोका ३७.५ चाच, फेऱ्या ३०००. म्हणून एफएममध्ये मोठेपणा लपला कॅरिअर किती सरकते त्यात, आणि उंची लपली ती सेकंदाला किती वेळा सरकते त्यात. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर 'मॉड्युलेटिंग फ्रिक्वेन्सी' येतं, कारण त्यांनी 'किती' आणि 'किती वेळा' एकाच डब्यात टाकलेले असतात.

'सूर ३ किलोहर्ट्झचा केला तरी झोका ३७.५ चाच' या म्हणण्याला एक दुरुस्ती आहे, ती दुसऱ्या तासाला सांगा, पहिल्या नाही. प्रत्यक्ष स्टेशन वरचे सूर मॉड्युलेशनच्या आधी मुद्दाम उचलून धरतं, त्याला प्री-एम्फसिस म्हणतात. आपल्याकडे त्याचा टाइम कॉन्स्टंट ५० मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण ३.२ किलोहर्ट्झपासून वरचे सूर ठळकपणे वाढतात. त्यामुळे खऱ्या १०१ वर ३ किलोहर्ट्झच्या सुराचा झोका ३७.५ च्या सुमारे १.४ पट भरेल. रिसीव्हर तेवढंच खाली आणून हिशोब मिटवतो. असं का करतात ते खरखरीच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे, तिथे बघू.

सीआरओवर एफएम दिसतच नाही, त्यावर उपाय

बहुतेक प्रयोगशाळांत कॅरिअर १०० किलोहर्ट्झ आणि डेव्हिएशन चार-पाच किलोहर्ट्झ ठेवतात. मग पडद्यावर फक्त जाड, धूसर पट्टा दिसतो, मुलं वहीत पुस्तकातली आकृती उतरवतात आणि विषय संपतो. सर्किट ठीक असतं. पाच टक्क्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही, इतकंच.

कॅरिअर मुद्दाम खाली आणा: १० किलोहर्ट्झ. डेव्हिएशन ४ किलोहर्ट्झ, सूर ५०० हर्ट्झ, टाइमबेस ०.२ मिलिसेकंद प्रति भाग, ट्रिगर इथेही मूळ सुराचा. दहा भागांचा पडदा म्हणजे २ मिलिसेकंद, त्यात सुराचं एक आवर्तन आणि कॅरिअरची वीस आवर्तनं बसतात. आता पट्टा दिसणार नाही. एका बाजूला एका भागात जवळजवळ तीन आवर्तनं दाटलेली दिसतील, दुसऱ्या बाजूला एका भागात एकाहून जराच जास्त. तिथे कॅरिअर १४ किलोहर्ट्झवर गेली होती आणि इथे ६ वर आली होती. मुलांना मोजायला लावा: २.८ आणि १.२ यायला हवेत.

मग सुराचा मोठेपणा निम्मा करा. डेव्हिएशन २ किलोहर्ट्झ होईल. दाट भागात २.४ आवर्तनं, विरळ भागात १.६. दाट आणि विरळ जागा मात्र हलल्या नाहीत. मोठेपणा परत पूर्ववत करून सूर १ किलोहर्ट्झचा करा. पडद्यावर आता दोन दाट आणि दोन विरळ जागा येतील, पण त्यांची कमाल दाटी पुन्हा २.८ च्याच जवळ. हे दोन बदल एकामागून एक पाहिले की वर्गातला वाद मिटतो.

यात एक मेख आहे. जनरेटरचं अंतर्गत मॉड्युलेशन वापरलं तर डेव्हिएशनचा आकडा स्वतंत्र बटणाने भरायचा असतो. मुलं तो आकडा बदलतात, चित्र बदलतं, पण आवाजाच्या मोठेपणाशी त्याचा संबंध त्यांना कुठेच दिसत नाही. म्हणून दुसरा जनरेटर सूर म्हणून एक्स्टर्नल मॉड्युलेशनला जोडा आणि त्याचा अँप्लिट्यूड फिरवा. तो जोडण्याआधी त्या इनपुटला शून्य आणि मग १ व्होल्ट डीसी द्या आणि कॅरिअरची फ्रिक्वेन्सी वाचा. जितकी सरकली तितके किलोहर्ट्झ प्रति व्होल्ट. हा आकडा हातात आला की डेव्हिएशन व्होल्टेजवर अवलंबून असतं, हे सूत्र मुलांनी स्वतः मोजून काढलेलं असतं. काही जनरेटर त्या इनपुटला डीसी घेत नाहीत, अशा वेळी १०० हर्ट्झच्या आसपासचा स्क्वेअर वेव्ह देऊन पाहावा. मग दोन्ही टोकांच्या फ्रिक्वेन्सी सीआरओवर वेगवेगळ्या वाचता येतात.

एफएमला जागा किती लागते, ते थोडक्यात. कॅरिअर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ सरकते म्हणून १५० किलोहर्ट्झ पुरतील, असं वाटतं. पण एफएमचे साइडबँड दोनच नसतात, ते सुराच्या फ्रिक्वेन्सीच्या अंतराने बाहेर पसरत जातात. कामचलाऊ नियम कार्सनचा: डेव्हिएशन आणि सर्वात वरचा सूर यांच्या बेरजेची दुप्पट. मोनो प्रसारणाला १५ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर धरले तर २ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ. याच कार्सनने १९२२ मध्ये दाखवलं होतं की झोका कितीही आखूड केला तरी एफएमला एएमपेक्षा कमी जागा पुरत नाही. जागा वाचवायला म्हणून एफएम निरुपयोगी, हे त्याचं बरोबरच होतं. एडविन आर्मस्ट्राँगने तीसच्या दशकात उलट वाट धरली: जागा वाचवायचीच नाही, झोका मुद्दाम मोठा करायचा आणि त्या बदल्यात खरखर घालवायची.

खरखर का जाते

पुस्तकात लिहिलेलं असतं की नॉइज अँप्लिट्यूडमध्ये येतो आणि लिमिटर तो कापतो. हे खरं आहे, पण अपुरं. लिमिटर वरखाली झालेला अँप्लिट्यूड कापून सपाट करतो, पण नॉइज कॅरिअरचा फेजही हलवतो, आणि तो लिमिटरला कापता येत नाही.

आकड्यांत पाहा. कॅरिअरच्या निम्म्या अँप्लिट्यूडचा उपद्रवी सिग्नल आला असं धरू. एएमवर तो एन्व्हलप ५० टक्के हलवतो, म्हणजे आपल्या m = ०.५ च्या सुराइतकाच मोठा. कान बंद करावेसे वाटतील. एफएमवर तोच सिग्नल कॅरिअरचा फेज जास्तीत जास्त ३० अंश हलवू शकतो, म्हणजे ०.५२ रेडियन. आता आपल्या सुराने फेज किती हलतो? डेव्हिएशन भागिले सुराची फ्रिक्वेन्सी: पूर्ण आवाजात ७५ भागिले १, म्हणजे ७५ रेडियन. पंच्याहत्तरच्या पुढे अर्धा रेडियन कुठे ऐकू येणार? मोठा झोका ठेवण्याचा फायदा हा. लिमिटर लागतोच, पण तेवढ्याने काम भागत नाही.

हाच भागाकार १५ किलोहर्ट्झच्या सुरासाठी केला की फक्त ५ रेडियन येतात. वरचे सूर नॉइजसमोर दुबळे पडतात, म्हणून त्यांना आधीच उचलून पाठवायचं. प्री-एम्फसिसचं कारण हे.

मर्यादाही सांगा, नाहीतर मुलांना वाटतं एफएमला खरखर शिवतच नाही. उपद्रवी सिग्नल कॅरिअरच्या अँप्लिट्यूडच्या जवळ आला की ३० अंशांचं गणित कोसळतं, आणि तो वरचढ झाला की फेज त्याच्या मागे जातो. एएम स्टेशन लांब जाताना हळूहळू खरखरीत बुडतं, एफएम एका टप्प्यापर्यंत स्वच्छ राहून मग एकदम फाटतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं पोहोचत असतील तर एएमवर दोन्ही एकमेकांत ऐकू येतात, एफएमवर जे जोरात आहे तेच उरतं. घाटात गाडी वळणं घेते तेव्हा मधेच स्टेशन बदलल्यासारखं वाटतं, ते यामुळेही होतं.

वर्गात दाखवायला खटका मारायचा गॅस लायटर पुरेसा आहे. मीडियम वेव्हवर लावलेल्या छोट्या रेडिओजवळ तो दाबला की प्रत्येक ठिणगीला 'टक्' ऐकू येतं. तोच रेडिओ चांगल्या जोराच्या एफएम स्टेशनवर ठेवून दाबा, बहुधा काहीच ऐकू येणार नाही. नंतर एरिअल खाली घालून सिग्नल कमजोर करा, 'टक्' परत येतो. शेवटचा भाग गाळू नका.

रिसीव्हरमध्ये

एएम रिसीव्हर आधी ७९२ ला ४५५ किलोहर्ट्झवर आणतो आणि मग एक डायोड, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर आवाज काढून देतात. इतकं स्वस्त सर्किट चालतं, कारण कॅरिअर पूर्ण पाठवलेली असते आणि एन्व्हलपचा आकार आवाजासारखाच असतो. कॅरिअरवर खर्च केलेल्या विजेची वसुली ही अशी घराघरातल्या रेडिओत होते.

कपॅसिटर किती मोठा, हा इथला खरा प्रश्न. तो दोन शिखरांमध्ये टिकला पाहिजे. ४५५ किलोहर्ट्झला एक आवर्तन २.२ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे RC त्याहून बराच मोठा हवा. पण एन्व्हलप खाली उतरताना त्याच्या मागे वेळेत उतरलाही पाहिजे. m ०.७ आणि सूर ४.५ किलोहर्ट्झ धरला तर

```
RC <= sqrt(1 - m²) / (m · 2π·fm)
   = 0.714 / (0.7 × 28274) ≈ 36 µs
```

१० किलोओहमला २.२ नॅनोफॅराड, म्हणजे २२२ छापलेला कपॅसिटर लावला की RC २२ मायक्रोसेकंद, ठीक बसतो. त्याच्या जागी १०३ लावला की १०० मायक्रोसेकंद होतात. एन्व्हलप उतरून जातं आणि कपॅसिटर तिरक्या रेषेत मागे राहतो. खालचे सूर ठीक, वरचे आणि मोठे सूर फाटलेले ऐकू येतात. १०१ लावला तर RC १ मायक्रोसेकंद, आउटपुटवर कॅरिअरचे दात तसेच दिसतात. तिन्ही कपॅसिटर एकेक करून लावून सीआरओवर पाहिले की सूत्र पाठ करावं लागत नाही. डायोड जर्मेनियमचा घ्या, ओए७९ किंवा १एन३४. १एन४१४८ लावल्यास सुमारे ०.६ व्होल्टखालचा भाग गळतो आणि छोट्या सिग्नलला काहीच बाहेर येत नाही.

एफएमला हाच डायोड लावला तर सपाट डीसी मिळतो, कारण एन्व्हलप सपाटच आहे. आधी फ्रिक्वेन्सीचं सरकणं व्होल्टेजच्या सरकण्यात बदलावं लागतं. रिसीव्हर १०१ मेगाहर्ट्झला १०.७ मेगाहर्ट्झवर आणतो, लिमिटरमधून काढतो आणि डिस्क्रिमिनेटरला देतो. सर्वात साधा डिस्क्रिमिनेटर म्हणजे मुद्दाम बाजूला ट्यून केलेलं एलसी सर्किट. त्याच्या उतारावर फ्रिक्वेन्सी वर गेली की आउटपुट वाढतं, खाली आली की घटतं. मग एफएमचं एएम झालं, आणि आपला डायोड चालतो. पण उतार सरळ हवा. झोका उताराच्या वाकड्या भागात गेला की फक्त मोठे आवाज बिघडतात. कमी आवाजात स्वच्छ आणि जोरात फाटतं, असं लक्षण दिसलं की आधी हा उतार आणि ट्युनिंग तपासा.

मॉड्युलेशनचं श्रेय आणि बँडचं श्रेय

मुलं लिहितात की एएम लांब जातं आणि एफएम जवळच राहतं. हे मॉड्युलेशनमुळे नाही. ७९२ किलोहर्ट्झची लहर जमिनीला धरून जाते आणि रात्री आयनोस्फिअरवरून परत येते, म्हणून लांब जाते. १०१ मेगाहर्ट्झची साधारण दिसेल तितक्याच टप्प्यात जाते. पुरावा हवा असेल तर विमानं बघा. वैमानिक आणि विमानतळ नियंत्रण कक्ष ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, म्हणजे एफएम प्रसारणाच्याही वर, आणि तिथे वापरतात एएम. पल्ला एफएमसारखाच, दृष्टीच्या टप्प्यातला. एएमचा एक उपयोग तिथे होतो: दोन वैमानिक एकदम बोलले तर नियंत्रकाला गडबड ऐकू येते आणि दोघे बोलताहेत हे कळतं. एफएम असतं तर कमजोर वैमानिक गुपचूप दाबला गेला असता.

हे झाल्यावर मुलांना एकच लेखी प्रश्न द्या. निवेदिका १ किलोहर्ट्झचा सूर धरते, आधी हळू, मग दुप्पट जोरात, मग तितक्याच जोरात २ किलोहर्ट्झचा. तिन्ही वेळा ७९२ च्या साइडबँडच्या जागा आणि अँप्लिट्यूड, आणि १०१ च्या कॅरिअरचा झोका व फेऱ्या लिहा. पहिल्याला m ०.४ आणि डेव्हिएशन ३० किलोहर्ट्झ द्या, प्री-एम्फसिस सोडून द्या. उत्तर तपासताना चूक कुठे आहे ते लगेच सापडतं. ज्याने दुसऱ्या ओळीत एएमचे साइडबँड ७९० आणि ७९४ वर नेले, त्याने मोठेपणा आणि उंची अदलाबदल केली. ज्याने तिसऱ्या ओळीत झोका १२० किलोहर्ट्झ लिहिला, त्याच्या डोक्यात डेव्हिएशन अजून सुराच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेलं आहे, त्याला परत १० किलोहर्ट्झच्या प्रयोगावर बसवा. आणि ज्याने एफएमच्या कॅरिअरचा अँप्लिट्यूड वाढवला, त्याला सीआरओवर व्होल्ट मोजायला लावा, सूर कितीही फिरवला तरी तो आकडा हलणार नाही.